एक ओळ दाबून, की दोन ओळी मोकळ्या?

आमच्या दादरच्या ऑफिसात पुनर्विकासाची कामं असली की सोसायटीचे सभासद ड्रॉइंग मराठीत मागतात. इंग्रजीत 'स्टेअर सेक्शन' एवढ्यावर भागतं. मराठीत तेच 'पश्चिमेकडील जिन्याचा उभा छेद व कठड्याचा तपशील' होतं. टायटल ब्लॉकमधला आमचा नावाचा रकाना ७० मिमी रुंद. दोन्हीकडचा समास सोडला तर हाताशी राहतात ६६. ३.५ मिमी उंचीत हे शीर्षक एका ओळीत लिहिलं तर साधारण ९० मिमी जागा खातं. मग एक तर अक्षरं आडवी दाबायची, नाही तर ओळ मोडायची. मी दोन्ही वर्षानुवर्षं केलंय.

दाबण्याची सोय मोठी आहे. ऑटोकॅडमध्ये अ‍ॅट्रिब्यूटचं जस्टिफिकेशन `Fit` ठेवलं की शीर्षक कितीही लांब असो, रकान्यात बसतंच. ब्लॉकला हात लावावा लागत नाही आणि रकान्याची उंची १० मिमी पुरते. घाईत असलेल्या माणसाला याहून काय हवं? दिसायला मात्र संचभर गंमत होते: 'तळमजला' पैलवानासारखा पसरतो आणि शेजारच्या शीटवरचं जिन्याचं शीर्षक उपाशी. हे मी चालवून घेत होतो.

चालवून घेणं थांबलं ते एका कॉलआउटमुळे. तिथेही मी ०.७ चा विड्थ फॅक्टर देऊन '२३० मिमी विटांची भिंत' एका ओळीत कोंबली होती. साइटवर ए-१ चं ड्रॉइंग जातं ते ए-३ वर छापून, म्हणजे सगळं बरोब्बर निम्मं. मुकादमाने कागद डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "साहेब, ही मिंत म्हणजे काय?" तो चेष्टा करत नव्हता. 'भ' आणि 'म' यांत डोळ्याला फरक दाखवते ती शिरोरेषेतली छोटीशी फट. 'ध' आणि 'घ'चंही तसंच. आडवं दाबलं की आधी ती फट आखडते, मग निम्म्या आकारात अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते आणि शाई ती भरून टाकते. लॅटिन अक्षराला ०.७ सोसतं, कारण त्याची ओळख अशा फटीवर टांगलेली नसते. भिंत त्याने संदर्भाने ओळखली. 'घर' आणि 'धर' लिहिले असते तर संदर्भ कामी आला असता की नाही, सांगता येत नाही.

त्यानंतर मी `ATTDEF` मध्ये `Multiple lines` चालू करून रुंदी ६६ दिली आणि फॅक्टर १ वर आणला. 'पश्चिमेकडील जिन्याचा उभा छेद' वर, 'व कठड्याचा तपशील' खाली. ओळ मी स्वतः मोडतो. यंत्राला सोडलं तर 'व' वरच्या ओळीच्या शेवटी लोंबकळतो. किंमत उंचीत मोजावी लागते. ३.५ च्या अक्षराला नेहमीचं ओळींतर ५.८ मिमी पडतं, त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. `Line space` चा फॅक्टर १.२ केला की ७ मिमी मिळतात. सोबत `Exactly` निवडावं; `At least` वर उंच अक्षर आलं की ओळ आपली आपण सरकते. रकाना १० वरून १४ मिमी केला आणि वरची, कुणीच न वाचणारी 'फाइल मार्ग' पट्टी उडवली.

फॉन्टबद्दल थोडक्यात. मंगलच्या बारीक रेषा निम्म्या आकारात विरतात, शिवाय विंडोज १० मध्ये तो वेगळा घ्यावा लागतो. समोरच्याकडे नसला तर शीर्षकाची मोजणी बदलते. निर्मला यूआय विंडोजसोबतच येतो, त्यात काम नक्की निभतं. मला मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता, मीडियम वजनात, जास्त पटतो, अर्थात फाइलसोबत फॉन्ट पाठवायचं लक्षात ठेवावं लागतं.

ब्लॉक ग्राहकाचा असेल आणि त्याला हात लावायची मुभा नसेल तर दाबण्याला पर्याय नाही, हे मान्य. तेव्हाही मी ०.८५ च्या खाली जात नाही. आधी 'प्रस्तावित' आणि 'तपशीलवार'सारखे शब्द काढून टाकतो. कॉलआउटमध्ये जागा नसेलच तर वर्तुळात फक्त आकडा, आणि मजकूर उजवीकडच्या तक्त्यात. आणि पाठवण्याआधी एक प्रत ए-३ वर छापून, 'भ' आणि 'ध' असलेली ओळ हातभर लांबून वाचून घेतो.