बोटीच्या डिझेल टाकीची डिपस्टिक आणि चार्ट : एका हंगामाच्या वापरानंतर

आमची मासेमारीची बोट रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला असते. इंजिनच्या दोन्ही बाजूंना दोन डिझेल टाक्या आहेत, बोटीच्या पोटाला चिकटून बसवलेल्या. म्हणजे टाकी चौकोनी नाही. खाली तळ जेमतेम एक फूट रुंद, वर जाताना बोटीच्या पोटाबरोबर बाहेर फाकत जाते आणि साठ सेंटिमीटरच्या वर भिंती सरळ होतात. आधीच्या मालकाने दिलेली लाकडी काठी होती, तिच्यावर पाव, अर्धा, पाऊण अशा सारख्या अंतरावर खाचा. तांडेल त्या काठीवर बघून "शेट, अर्धी हाय" म्हणायचा आणि त्या अर्धीवर हिशेब चालायचा.

गेल्या पावसाळ्यातल्या बंदीत बोट वर ओढली होती, तेव्हा एका फॅब्रिकेटरकडून टाकीत सोडून पातळी मोजायची पितळी पट्टी आणि किती सेंटिमीटरला किती लिटर हे दाखवणारा चार्ट करून घेतला. दोन्ही टाक्यांचे मिळून जे पैसे गेले ते एका फेरीच्या बर्फापेक्षा कमी. १ ऑगस्टला हंगाम उघडल्यापासून हेच वापरतोय. कोणी करून घ्यायचा विचार करत असेल तर काय जमलं आणि काय डोक्याला ताप झालं ते सांगतो. खालचे आकडे डाव्या टाकीचे आहेत.

चार्ट आकृतीवरून काढलेला नाही, ओतून काढलाय. हे आधी ठरवून घ्या, कारण बोटीचं पोट वळणावळणाचं असतं आणि आत आडव्या पट्ट्या, नळ्या जागा खातात. टेपने मापून गणित केलं तर ते कागदावरच बरोबर येतं. आम्ही टाकी पूर्ण रिकामी केली, ओळंबा धरून टेकू मारून बोट समतल केली आणि वजनमापे खात्याचा शिक्का असलेल्या वीस लिटरच्या मापाने डिझेल ओतत गेलो. प्रत्येक मापानंतर पातळी स्थिर होऊ द्यायची, डिप घ्यायची, म्हणजे पट्टी सोडून ती किती सेंटिमीटर ओली होते ते बघायचं, लिहायचं. त्यावरून फॅब्रिकेटरने दर सेंटिमीटरचा चार्ट बसवला. अख्खा दिवस जातो, आणि मजुरी त्या दिवसाचीच असते.

त्यातल्या काही ओळी अशा: १० सेंमीला ५१ लिटर, २० ला ११५, ३० ला १९१, ४० ला २८०, ५० ला ३८१, ६० ला ४९५. तिथून पुढे दर दहा सेंटिमीटरला बरोबर १२० लिटर वाढत ९० ला ८५५, म्हणजे टाकी भरली. आता जुन्या काठीची "अर्धी" बघा. ४५ सेंटिमीटरवर चार्ट ३२९ लिटर दाखवतो. अर्धी टाकी म्हणून आपण धरणार ४२७. एका टाकीत शंभर लिटरचा फरक, आणि आमचं इंजिन ताशी साधारण पंधरा पितं. म्हणजे साडेसहा तासांचं डिझेल फक्त काठीवर होतं, टाकीत नव्हतं. दोन टाक्या धरल्या तर त्याच्या दुप्पट.

वाचायची रीत सोपी आहे पण घाई चालत नाही. आधी दोन टाक्यांमधला जोड वॉल्व्ह बंद. झाकण उघडून अर्धा मिनिट थांबायचं, कारण डिपची नळी खालीच उघडी असेल आणि वर झाकण घट्ट असेल तर नळीतली पातळी आणि टाकीतली पातळी एक नसते. हवा मिळाली की ती जुळते. पट्टी फडक्याने कोरडी करून सरळ खाली सोडायची, तळाला आपटायची नाही. बाहेर काढल्यावर ओलीची रेघ लगेच वाचायची, कारण डिझेल पट्टीवर पसरतं आणि पाच-दहा सेकंदांत रेघ धूसर होते. कडक उन्हात चकाकीमुळे रेघच दिसत नाही. मी पट्टीवर त्या भागात खडू घासतो, ओला खडू गडद दिसतो. दोन वेळा घ्यायची, दोन मिलिमीटरच्या आत जुळली तरच खरी.

समजा ४३.४ आलं. चार्टवर ४३ ला ३०९ आणि ४४ ला ३१९. मधल्या एका सेंटिमीटरला १० लिटर, त्याचे चार दशांश म्हणजे ४. झाले ३१३. ही मधली बेरीज त्याच दोन ओळींच्या फरकाने करायची, "सेंटिमीटरला नऊ-दहा लिटर" असा एकच ठोकताळा सगळीकडे लावायचा नाही. तळाशी सेंटिमीटरला पाच लिटर येतात आणि वर बारा. आमच्या एका खलाशाला हे पटवायला वेळ लागला. तो म्हणे, पट्टी तीच आणि सेंटिमीटर तोच, मग लिटर का बदलावे?

आता पट्टीची सगळ्यात उपयोगी गोष्ट, जी मला आधी नुसती सजावट वाटली होती. वरच्या टोकाजवळ एक आडवी खूण कोरलेली आहे. पट्टी तळाच्या प्लेटवर नीट टेकली की ही खूण नळीच्या तोंडाशी बरोबर आली पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ती खूण तोंडाच्या वर सेंटिमीटरभर राहायला लागली. म्हणजे पट्टी तळापर्यंत जातच नव्हती, खाली गाळ बसला होता, आणि पट्टी जेवढी वर राहते तेवढं माप कमी दिसतं. उलट खूण तोंडाच्या आत जायला लागली तर समजायचं की पट्टीचं टोक झिजलंय, मग माप जास्त दिसतं. जास्त दिसणं जास्त वाईट. नुसत्या डिपवरून यातलं काही कळत नाही, म्हणून ही खूण नसलेली पट्टी फुकट दिली तरी घेऊ नका.

पाण्यासाठी टोकाला वॉटर पेस्ट लावतो. पाणी लागलं तिथपर्यंत तिचा रंग बदलतो. ३ सेंमी पाणी दिसलं तर चार्टवर ते १४ लिटर. पण इथे एक घोळ लोक घालतात. आमचा सक्शन तळापासून ५ सेंमी वर आहे, त्याच्या खालचे २४ लिटर तसेही इंजिनला मिळत नाहीत. हे ३ सेंमी पाणी त्या २४ च्या आतच आहे. म्हणून ३१३ मधून २४ वजा करायचे, पाण्याचे १४ पुन्हा वजा करायचे नाहीत. उरले २८९. पाणी ५ सेंमीकडे चढायला लागलं तर मग हिशेब सोडा आणि आधी खालच्या कॉकमधून पाणी काढा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते बोटीच्या कलाने. चार्ट समतल बोटीचा आहे. मागे जाळं, विंच आणि पुढे बर्फ अजून चढलेला नाही, अशा वेळी बोट मागे बसलेली असते. आमच्या डिपची नळी टाकीच्या मध्यापासून ६० सेंमी मागे आहे, त्यामुळे मागे बसलेल्या बोटीत डिप जास्त येते. यावर उपाय म्हणून केबिनच्या भिंतीवर एक मीटर दोरीचा ओळंबा कायमचा टांगला. बोट समतल असताना तो जिथे येत होता तिथे खूण केली. ओळंबा त्या खुणेपासून मागे जितके सेंटिमीटर जातो, त्या प्रत्येकामागे डिपमधून ६ मिलिमीटर वजा करायचे, कारण नळी मध्यापासून ६० सेंमी आहे. ओळंबा २ सेंमी मागे असेल तर १.२ सेंमी वजा. म्हणजे ४३.४ चे झाले ४२.२, आणि चार्टवर ४२.२ म्हणजे ३०१. त्यातून २४ गेले, २७७ वापरता येण्यासारखे, साधारण साडेअठरा तास. ओळंबा न बघता आपण २८९ धरले असते.

हे गणित टाकी निम्मी-अर्धी भरलेली असताना ठीक चालतं. तळाचं डिझेल एका कोपऱ्यात जमलं असेल किंवा टाकी काठोकाठ असेल तेव्हा चुकतं. नवी टाकी बनवत असाल तर डिपची नळी लांबीच्या मधोमध घ्या म्हणावं, हा सगळा व्याप वाचतो. डाव्या-उजव्या कलण्याला दोन्ही टाक्यांची डिप एकापाठोपाठ घेऊन बेरीज करतो. एक जास्त दाखवते, दुसरी कमी. पुरतं जुळतं असं नाही, पण धक्क्यावर चालून जातं.

भर समुद्रात मात्र फार अपेक्षा ठेवू नका. टाकीत आडव्या प्लेटा असल्या तरी डिझेल हलतंच. इंजिन मंद करून पाच-सहा डिप घ्यायच्या आणि मधला आकडा धरायचा, त्यात दोन-तीन सेंटिमीटरची चूक गृहीत धरायची. तापमानाचं कोणी विचारेल म्हणून सांगतो: डिझेल दहा अंशांनी तापलं तर शंभर लिटरला पाऊण-एक लिटर फुगतं. पंपवाल्यांच्या हजारो लिटरच्या टाकीला त्याचा हिशेब लागतो, आमच्या टाकीत तो पट्टीच्या रेघेतच बुडून जातो.

डिझेल भरताना उपयोग चांगला होतो. भरण्याआधी २१.० म्हणजे १२२, भरून झाल्यावर फेस बसेपर्यंत पंधरा मिनिटं थांबून ६०.५ म्हणजे ५०१. टाकीत आले ३७९, पावती ३८० ची. इतका फरक सोडून द्यायचा. रुंद भागात दोन मिलिमीटर म्हणजेच अडीच लिटर झाले, तेव्हा यावरून कोणाशी भांडायला जाऊ नका. सलग तीन-चार वेळा एकाच बाजूला दहा-बारा लिटर कमी येऊ लागले तर गोष्ट वेगळी.

तक्रार एकच, पण मोठी. चार्टची लॅमिनेट केलेली प्रत आली त्यात ३६ ला २४३, ३७ ला २२५ आणि ३८ ला २६१ असं छापलं होतं. डिझेल वाढलं आणि लिटर कमी झाले. टाइप करताना २५२ चे २२५ झाले होते. म्हणून चार्ट हातात आला की प्रत्येक ओळीतून आधीची ओळ वजा करून पाहा. फरक हळूहळू वाढत गेला पाहिजे आणि सरळ भिंतीच्या भागात तो स्थिर राहिला पाहिजे. कुठे उडी दिसली तर ती ओळ चुकली, किंवा तिथे आत खरंच काहीतरी बसवलेलं आहे. आमची प्रत बदलून द्यायला त्याने गणपती उलटवले.

उजव्या टाकीला एका कोपऱ्यात पाझर सुरू झालाय. येत्या बंदीत आतून पत्रा मारून घ्यायचा आहे, म्हणजे तिचा चार्ट बाद. पत्रा मारल्यावर पुन्हा वीस लिटरच्या मापाने ओतून घेणार आहे, आणि त्याच वेळी नळी मधोमध सरकवता येते का ते वेल्डरला विचारलंय.