मॅकमास्टर स्लाइडवर लेंड्यांची तपासणी: शेळ्यांच्या कळपात पावसाळाभर वापरल्यानंतर

दोन कप्प्यांची मॅकमास्टर स्लाइड, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, चहाची गाळणी आणि मीठ. उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपात पावसाळा सुरू झाल्यापासून थंडीपर्यंत एवढ्याच साहित्यावर जंतांची अंडी मोजली. स्लाइडबद्दल तक्रार नाही. मात्र आकडा खरा येतो की खोटा, हे बरंचसं स्लाइडवर काही ठेवण्याआधी, नमुना घेतानाच ठरतं.

लेंड्या जमिनीवरून उचलू नयेत. कोणत्या शेळीच्या आहेत ते खात्रीने सांगता येत नाही, आणि ओल्या मातीतल्या मोकळ्या राहणाऱ्या अळ्या त्यात शिरतात. हातमोजा घालून बोटाला थोडं पाणी किंवा तेल लावावं आणि सरळ गुदाशयातून लेंड्या काढाव्यात. पाच-सहा ग्रॅम पुरतात, मोठ्या शेळीच्या साधारण मूठभर लेंड्या. हातमोजा तसाच उलटा केला की त्याचीच पिशवी होते. आतली हवा दाबून काढायची, गाठ मारायची आणि वर बिल्ल्याचा क्रमांक लिहायचा. हवा काढणं ही औपचारिकता नाही. उबेत आणि हवेत अंडी एका दिवसात फुटून अळ्या बाहेर पडतात, मग स्लाइडवर अंडी कमी दिसतात आणि जंतांनी भरलेली शेळी कागदावर निरोगी ठरते. सकाळी घेतलेला नमुना दुपारपर्यंत मोजता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर अंडी फुटतात.

तपासणीसाठी २ ग्रॅम लेंड्या मोजून घ्याव्यात. लिटरभर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम मीठ ढवळलं आणि थंड झाल्यावर तळाशी थोडं मीठ तसंच उरलं, की द्रावण संपृक्त झालं. हे उरलेलं मीठ दिसायलाच हवं. द्रावण पातळ राहिलं तर अंडी वर तरंगत नाहीत. २ ग्रॅम लेंड्या या द्रावणाच्या २८ मिलिलिटरमध्ये कुस्कराव्यात. सुकलेल्या लेंड्या आधी थोड्या द्रावणात दहा मिनिटं भिजवल्या तर नीट मोडतात. गाळून घेतल्यावर ढवळता ढवळताच ड्रॉपर भरायचा आणि लगेच कप्पे भरायचे. ढवळणं थांबवून ड्रॉपर बुडवला तर अंडी वर जाऊन बसलेली असतात आणि आपण खालचं पाणी उचलतो. एकाच नमुन्याचे दोन कप्पे फार वेगळे येण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

स्लाइड पाच मिनिटं स्थिर ठेवून १०० पट मोठं करून पाहायचं. आधी जाळीच्या रेषा स्पष्ट करायच्या, कारण अंडी वरच्या काचेला खालून चिकटलेली असतात. जाड काळ्या कडेचे गोल म्हणजे हवेचे बुडबुडे. पातळ कवचाची, लांबट गोल, आत पेशींचा घोस असलेली अंडी मोजायची. शेळ्यांत पावसाळ्यात यातली बरीचशी हिमाँकस या रक्त पिणाऱ्या जंताची असतात, तरी नुसत्या अंड्यावरून त्याची जात पक्की सांगता येत नाही. त्याहून बरेच लहान गोल दिसतात ते कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचे. ते वेगळे लिहावेत, त्यांच्यावर जंतनाशक चालत नाही. दोन्ही जाळ्यांतल्या अंड्यांची बेरीज गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. मोजणी तासाभरात संपवावी, नाहीतर मिठाचे स्फटिक धरतात. सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर सांडलेला थेंब ओल्या फडक्याने लगेच पुसावा, मीठ धातू खातं.

आता निकाल. श्रावणातली एक नोंद पाहा. बारा शेळ्यांचे आकडे होते २९००, २१५०, १४५०, ६००, ४००, ३५०, २५०, १५०, १००, ५०, ५० आणि ०. सरासरी ७०० च्या थोडी वर. सरासरी पाहिली तर सगळ्या कळपाला औषध पाजावंसं वाटतं. पण एकूण अंड्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त पहिल्या तीन शेळ्यांची आहेत. कुरणावर जंत पसरवण्याचं काम त्याच करतात, म्हणून औषध आधी त्यांना. बाकीच्यांना सोडण्यामागे बचतीपेक्षा मोठं कारण आहे. सगळ्यांना एकदम औषध पाजलं तर त्याला न जुमानणारे जंत तेवढे वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. औषध न लागलेल्या शेळ्यांमधले जंत कुरणावर मिसळत राहिले तर हा वेग मंदावतो.

मात्र नुसत्या आकड्यावर थांबू नये, खालची पापणी ओढून आतला रंगही पाहावा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाचा १ ते ५ रंगांचा तक्ता तयार झाला. लालभडक म्हणजे १, पांढरट म्हणजे ५. या कळपात ६०० वाली शेळी दोन करडं पाजत होती आणि पापणी फिकट होती, म्हणून चौथा डोस तिला. ४०० वाली धट्टीकट्टी, पापणी लाल, तिला सोडलं. अडचणीची ठरते ती १०० आकडा असूनही पापणी पांढरी असलेली शेळी. हिमाँकस शरीरात शिरल्यापासून अंडी घालेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात, आणि त्याआधीच तो रक्त प्यायला लागतो. शिवाय गोचिड आणि यकृतातला चपटा जंतही रक्त कमी करतात. या चपट्या जंताची अंडी जड असल्याने मिठाच्या पाण्यात तरंगतच नाहीत, त्यासाठी दवाखान्यातून गाळ बसवण्याची वेगळी तपासणी करून घ्यावी लागते. अशा शेळीच्या बाबतीत पापणीचं ऐकावं, स्लाइडचं नाही.

आकड्यांतल्या बारीक फरकाला अर्थ देऊ नये. या पद्धतीत एक अंडं दिसलं की ५० लिहिलं जातं, त्यामुळे १५० आणि २५० यांत फरक फक्त दोन अंड्यांचा. शून्य म्हणजे जंत नाहीत असंही नव्हे. पातळ हगवण असली तर पाण्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

सगळ्यात उपयोगी पडली ती औषधानंतरची दुसरी मोजणी, अल्बेंडाझोल दिल्यावर चौदाव्या दिवशी. पहिल्या तिघींचे आकडे ६५०, ५०० आणि ३५० आले. बेरीज ६५०० वरून १५०० म्हणजे घट ७७ टक्के. औषध चांगलं लागू पडलं तर ९५ टक्क्यांच्या वर घट दिसते. तरी लगेच औषधाला दोष देऊ नये. आधी वजन पाहावं. नजरेने ३० किलो धरलेली शेळी काट्यावर ३८ भरली तर डोस पाचव्या हिश्शाहून जास्त कमी पडलेला असतो. शेळी हे औषध मेंढीपेक्षा लवकर शरीराबाहेर टाकते, त्यामुळे मेंढीचं प्रमाण तिला अपुरं पडतं. शेळीचं प्रमाण पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावं, आणि नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल देऊ नये. वजन करून, डोस जिभेच्या मागच्या बाजूला सोडूनही घट तेवढीच राहिली तर दुसऱ्या गटातलं औषध विचारायची वेळ आली. त्याआधी निदान दहा शेळ्यांवर, सुरुवातीचा आकडा १५० च्या वर असलेल्या, हीच आधी-नंतरची मोजणी करावी. तिघींच्या आकड्यांवरून शंका घेता येते, निर्णय नाही.