८० मिमी की १४० मिमी, बुश की छर्रे : कॅबिनेटचे फॅन बदलून चौदा महिने झाले, त्याचा अनुभव

जानेवारी २०२४ मध्ये माझा डेस्कटॉप सकाळी सुरू केला की पहिली दहा मिनिटं घरघर करायचा आणि मग आपोआप शांत व्हायचा. मशीन २०१९ मध्ये जुळवून घेतलेलं. मी पुस्तकांची मांडणी करतो, त्यामुळे ते रोज बारा तास तरी चालू असतं. घर नागपुरात, खोलीत एसी नाही. कॅबिनेटला तीन फॅन होते : पुढे १२० मिमीचा एक, मागे ८० मिमीचा एक आणि बाजूच्या पत्र्यावर ८० मिमीचा आणखी एक.

थंड सकाळी घरघर आणि तापल्यावर शांतता, ही बुश, म्हणजे पात्यांचा शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, झिजल्याची खूण. तेल थंडीत घट्ट असतं, शाफ्ट कोरडा घासतो. ऊब आली की तेल पसरतं. आवाज नक्की कुठून येतोय ते ठरवायला मी फॅन चालू असताना मधल्या गोल बुडख्यावर बोट अगदी हलकं टेकवलं. पात्यांना हात लावायचा नाही, फक्त मधोमध. बोट टेकताच आवाज बदलला किंवा थांबला तर दोष बेअरिंगचा. बदलला नाही तर वायर पात्याला लागतेय का, स्क्रू ढिला आहे का, ते बघायचं. माझ्याकडे मागचा ८० मिमीचा फॅन दोषी निघाला.

तो काढून उघडला. मागचं स्टिकर सोललं, खालचं रबरी बूच काढलं, शाफ्टच्या टोकाची पांढरी प्लॅस्टिकची चकती टाचणीने उचकटली आणि पाती बाहेर ओढली. शाफ्टवर काळा, चिकट लगदा होता. तो पुसल्यावर एका बाजूला चकचकीत पट्टा दिसला, दुसरी बाजू मात्र मंद. म्हणजे शाफ्ट सगळीकडून सारखा घासत नव्हता, त्याची एकच बाजू बुशला घासत होती. बुशचं भोक घासून सैल झालं, की मग शाफ्ट आत डुगडुगतो आणि तीच घरघर. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडून फॅन परत बसवला. सहा आठवडे छान गेले, मार्चच्या सुरुवातीला आवाज परत आला. तेलाने कोरडेपणा जातो, झीज भरून निघत नाही.

मग सीताबर्डीतून नवा ८० मिमीचा फॅन आणला. दुकानदाराला विचारलं, "बुशचा की बेअरिंगचा?" तो म्हणाला, "भाऊ, डबा बघा, तीस हजार तास लिहिलंय." डब्यावर खरंच ३०,००० तास होते. बेअरिंगचा प्रकार मात्र कुठेच नव्हता, आणि मीही पुढे विचारलं नाही. जुलैअखेर त्या फॅनची घरघर सुरू झाली. तोवर तो जेमतेम पावणेदोन हजार तास चालला होता.

त्या आकड्यावर मी बराच विचार केला, कारण चूक नेमकी कुठे होते ते तिथे कळतं. डब्यावरचे तास हे त्या एका फॅनला दिलेलं वचन नसतं. नीट छापलेल्या माहितीत ते कोणत्या तापमानाला मोजले तेही दिलेलं असतं. कुणी ४० अंशांना मोजतं, कुणी २५ अंशांना. 'एल१०' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तेवढ्या तासांत शंभरातले दहा फॅन गेलेले असतील. 'एमटीटीएफ' ही सरासरी असते, म्हणून ती नेहमी मोठी दिसते. नॉक्टुआ ही फॅन बनवणारी कंपनी १,५०,००० तास लिहिते ती ही दुसऱ्या प्रकारची संख्या. दिवसाला बारा तास धरले तर ती चौतीस वर्षं होतात. म्हणून मी आता तासांपेक्षा वॉरंटीची वर्षं बघतो. त्याच कंपनीची वॉरंटी सहा वर्षांची आहे, आणि ती कंपनीला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते, म्हणून ती संख्या जास्त विश्वासाची.

आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या वर जातं. मागचा फॅन तर मशीनमधून तापून आलेली हवा बाहेर फेकतो. मी तिथे थर्मामीटर धरला तेव्हा ४९ अंश दाखवले. वंगणाचं आयुष्य दर दहा-पंधरा अंशांना अर्ध्यावर येतं, असा ढोबळ हिशेब धरतात. सीलबंद नसलेल्या साध्या बुशमधलं तेल अशा जागी हळूहळू उडून जातं, त्यात धूळ मिसळते आणि तो काळा लगदा तयार होतो. स्वस्त बुशचा फॅन पुढच्या बाजूला, जिथून थंड हवा आत येते तिथे, बरीच वर्षं काढतो; माझा पुढचा १२० मिमीचा तोवर मुकाट्याने चालतच होता. मागच्या बाजूला मात्र तो लावू नये, हे माझं आता ठाम मत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी सगळी रचनाच बदलली. मागे ८० मिमीचाच फॅन घेणं भाग होतं, कारण पत्र्यातलं भोक तेवढंच आहे. ८० च्या भोकावर १२० चा फॅन बसवायला प्लॅस्टिकचं नरसाळं मिळतं, पण हवा शेवटी त्याच लहान भोकातून जाते, त्यामुळे मोठ्या फॅनचा फायदा तिथेच अडतो. म्हणून मागे दोन छर्‍यांच्या बेअरिंगांचा ८० मिमीचा फॅन घेतला. पुढच्या पत्र्याला १२० आणि १४० दोन्हींची भोकं होती, तिथे फ्लुइड, म्हणजे तेलाच्या थरावर फिरणाऱ्या, बेअरिंगचा १४० मिमीचा लावला. बाजूच्या पत्र्यावरचा काढूनच टाकला. विकत घेण्यापूर्वी चौकटीतल्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर पट्टीने मोजा : ८० च्या फॅनला ७१.५ मिमी असतं, १२० ला १०५, १४० ला १२४.५. पात्यांचा घेर मोजला तर हमखास चुकतं.

मोठा फॅन घेण्यामागचं गणित असं. एकाच घडणीच्या फॅनमध्ये हवेचं प्रमाण फेऱ्यांच्या पटीत वाढतं, पण व्यासाच्या मात्र घनाच्या पटीत. १४० म्हणजे ८० च्या पावणेदोनपट, आणि त्याचा घन साधारण ५.४. माझा जुना ८० चा मिनिटाला २,४०० फेरे घ्यायचा. तेवढीच हवा द्यायला १४० ला कागदावर ४५० फेरे पुरतात. मी आधी तिथेच आणून ठेवला आणि फसलो. दाब हा व्यास आणि फेरे या दोन्हींच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे ४५० फेऱ्यांवर त्याच्याकडे जुन्या फॅनच्या जेमतेम एक-दशांश दाब उरतो. पुढे धुळीची जाळी होती. हवा तिच्यातून शिरेचना. जाळीच्या आतल्या बाजूला हात धरला तर वारा जाणवत नव्हता, बाहेर कागदाचा कपटाही जाळीला चिकटत नव्हता. ७५० फेऱ्यांवर आणलं तेव्हा दाब जुन्याच्या तीसएक टक्के झाला आणि मोकळ्या हवेचं प्रमाण दीडपटीहून जास्त. कपटा चिकटला. मोठ्या संथ फॅनची ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते : जाळी भरली की सगळ्यात आधी तोच हरतो. पावसाळा सोडला तर मी दर तीन आठवड्यांनी जाळी धुतो.

आवाज किती कमी झाला? पाती हवेला जो सूर देतात तो मोजता येतो. सात पात्यांचा फॅन २,४०० फेऱ्यांवर सेकंदाला २८० ठोके देतो, आणि तो सूर कानात बसतो. नऊ पात्यांचा १४० चा ७५० फेऱ्यांवर ११२ च्या आसपास येतो. इतका खालचा सूर कान फारसा पकडत नाही. शिवाय एकाच फॅनचे फेरे निम्मे केले तर आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. मागचा ८० चा मी १,३०० वर बांधून ठेवला, कारण आता मुख्य काम पुढचा करतो.

छर्‍यांच्या फॅनबद्दल मात्र खरं सांगायला हवं. तो नवा असतानाही पूर्ण शांत नसतो. रात्री सगळं निजानीज झाल्यावर कान लावला तर बारीक, वाळू सरकल्यासारखी सळसळ ऐकू येते. चौदा महिन्यांत ती वाढलेली नाही आणि कमीही झालेली नाही. बुशचा फॅन पहिल्या महिन्यात याच्याहून शांत होता, पाचव्या महिन्यात असह्य. मशीन पायाशी असेल तर छर्‍यांचा चालतो; टेबलावर कानाशी असेल तर जास्त पैसे घालून फ्लुइडचाच घ्यावा. त्यात शाफ्ट आणि बुश यांच्या मध्ये, खाचांमुळे दाबलेल्या तेलाचा थर असतो, म्हणून तो शांतही राहतो आणि टिकतोही. फक्त डब्यावर 'हायड्रॉलिक' असं छापलं म्हणून भुलू नये. तो शब्द नुसत्या सीलबंद बुशलाही सर्रास लावतात.

बसवताना एका गोष्टीत माझी पूर्ण संध्याकाळ गेली. छर्‍यांचा फॅन तीन पिनांचा होता. मदरबोर्डच्या चार पिनांच्या जागी तो नीट बसतो, पण बायोसमध्ये ती जागा `PWM` वर, म्हणजे चौथ्या पिनेतून वेग ठरवण्यावर, ठेवलेली असेल तर फॅन कायम पूर्ण वेगात पळतो. मला वाटलं फॅनच खराब आला. ती जागा `DC` वर नेली की व्होल्टेज कमीजास्त होऊन फेरे ताब्यात येतात. चार पिनांचा असेल तर `PWM` च ठेवायचं. आणि वेग प्रोसेसरच्या प्रत्येक उसळीबरोबर वरखाली होऊ देऊ नका. एकसुरी आवाज मन विसरतं, चढउतार मात्र दर वेळी दचकवतो. मी प्रोसेसर ६५ अंशांवर जाईपर्यंत फेरे स्थिर ठेवले आहेत.

तापमानाचा हिशेब सांगतो. जुन्या तीन फॅनवर, खोली ३२ अंश असताना, अर्धा तास चित्रं रूपांतरित करत ठेवल्यावर प्रोसेसर ६६ ला पोचायचा. नव्या दोन फॅनवर, खोली ३१ असताना, ६३. म्हणजे खोलीच्या वर ३४ होतं ते ३२ झालं. थंडावा फार वाढला नाही. एक फॅन कमी करून आणि आवाज उतरवून तापमान राखलं गेलं, मला तेवढंच हवं होतं. मे २०२५ मध्ये खोली ४१ असताना त्याच कामाला ७३ पर्यंत गेला.

साफ करताना पाती बोटाने धरूनच ब्लोअर मारा. मोकळ्या पात्यांवर जोराची हवा सोडली तर ती फॅनच्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी वर पळतात आणि बेअरिंगला मार बसतो.

आता एकच आवाज उरलाय, मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, म्हणजे एसएमपीएसमधल्या, १२० मिमीच्या फॅनचा. तो आडवा बसवलेला, शाफ्ट उभा, आणि बहुतेक बुशचाच. असे फॅन आडवे बसवले की लवकर जातात. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी पाचेक मिनिटं तो कुरकुरतो. तो मी उघडणार नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही बराच वेळ जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. कुरकुर दुपारपर्यंत टिकायला लागली की एसएमपीएस अख्खाच बदलेन.