क्वचित पिणाऱ्या यजमानांसाठी वाइन: शिराझ, स्पार्कलिंग की लेट हार्वेस्ट?

ज्या घरी वर्षाकाठी दोन-तीनदाच वाइनचा प्याला भरला जातो, तिथे भेट म्हणून बाटली नेताना आपण बहुधा स्वतःच्या किंवा दुकानदाराच्या आवडीची बाटली उचलतो. ती वाइन चांगली असते, पण त्या घरात तिचे पुढे काय होणार याचा विचार झालेला नसतो. मी स्वतः कोथरूडच्या एका स्नेह्यांकडे नाशिकची शिराझ नेली होती. आठ महिन्यांनी गेलो तेव्हा ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटखाली, न उघडलेल्या अवस्थेत उभी होती. ‘वाइन जुनी झाली की चांगली होते ना, म्हणून ठेवली आहे,’ असे यजमान कौतुकाने म्हणाले. त्यामुळे पुढील तुलना चवीपेक्षा दोन प्रश्नांवर बेतलेली आहे: बाटली उघडण्यापूर्वी किती दिवस पडून राहील आणि उघडल्यावर उरलेल्या वाइनचे काय होईल.

पहिला पर्याय कोरड्या लाल वाइनचा, म्हणजे शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉं यांचा. तिच्या बाजूने एक गोष्ट आहे: ती जेवणाबरोबर चालते आणि मटणाच्या रश्श्यापुढे फिकी पडत नाही. अडचण तुरटपणाची आहे. द्राक्षाच्या साली आणि बिया यांच्यासह रस आंबवल्यामुळे त्यात टॅनिन उतरते आणि ज्याला सवय नाही त्याला पहिल्याच घोटाला कडक, साखर न घातलेल्या चहासारखे तोंड आखडल्याचे जाणवते. तिखट जेवणाबरोबर हा तुरटपणा आणि अल्कोहोलचा जळजळीतपणा दोन्ही अधिकच जाणवतात. शिवाय ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच प्याले असतात. पिणारे दोघेच असतील तर तीन प्याल्यांइतकी वाइन उरते. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तिची चव तीन ते पाच दिवस ठीक राहते. नंतर हवेमुळे ती निस्तेज होते आणि हळूहळू व्हिनेगरकडे झुकू लागते. क्वचित पिणाऱ्या घरात हे पाच दिवस पुढचा रविवार येण्यापूर्वीच संपतात.

जुनी होऊन सुधारणाऱ्या वाइन असतात, पण त्या मोजक्या. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि उन्हाळ्यात पस्तीस अंशांवर जाणाऱ्या खोलीत त्यांचे वय आणखी झपाट्याने वाढते. बूच किंचित वर आलेले दिसले किंवा गळ्याशी चिकट ओघळ आढळला, तर आतील वाइन उष्णतेने फुगून बाहेर आली होती असे समजावे.

दुसरा पर्याय स्पार्कलिंगचा. दिंडोरीच्या शांदॉनची ब्रूट किंवा तिच्यासारखी एखादी बाटली सहजपणे मिळते. तिचा खरा गुण असा की ती उरत नाही. सहा-सात जणांना शंभर मिलिलिटरच्या आसपास वाटली की बाटली संपते आणि एरवी न पिणारी माणसेसुद्धा वाढदिवसाच्या निमित्ताने एक घोट घेतात. मात्र ‘ब्रूट’ म्हणजे जवळजवळ बिनसाखरेची. लिटरमागे साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी असते, त्यामुळे गोड सरबताची अपेक्षा ठेवणाऱ्याला ती आंबट वाटते. लेबलवरची भाषाही फसवी आहे: ‘एक्स्ट्रा ड्राय’ असे लिहिलेली बाटली नावावरून अधिक कोरडी वाटते, पण प्रत्यक्षात ब्रूटपेक्षा थोडी गोड असते. खरोखर गोडसर हवी असल्यास ‘डेमी-सेक’ शोधावी.

स्पार्कलिंगला यजमानांकडून थोडी तयारी लागते. बाटली फ्रिजमध्ये किमान तीन तास ठेवलेली असावी, कारण कोमट बाटली उघडताच अर्धी वाइन फेसाबरोबर टेबलावर जाते. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणून तारेची जाळी सैल केल्यावर अंगठा बुचावरून काढू नये, बाटली तिरकी धरावी आणि बूच न फिरवता बाटली फिरवावी. ज्या घरी हे कधी केलेले नाही, तिथे बाटली उघडण्याचे काम पाहुण्यानेच पुढे होऊन स्वीकारणे बरे. आणि त्या रात्री ती उघडली जाणार नसेल, तर हा पर्याय सोडून द्यावा. एकदा उघडलेली स्पार्कलिंग विशेष झाकण असले तरी दोन-तीन दिवसांत बुडबुडे गमावते आणि असे झाकण या घरात असण्याची शक्यता कमीच.

तिसरा पर्याय म्हणजे लेट हार्वेस्ट. माझे मत याच बाजूने झुकते. नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. लेट हार्वेस्टसाठी काही घड वेलीवर आणखी काही आठवडे राखले जातात. मणी सुकू लागतात, पाणी कमी होते, साखर दाटते आणि रस कमी निघतो. म्हणूनच अर्ध्या आकाराच्या बाटलीची किंमत अर्धी नसते. सुला लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक ३७५ मिलिलिटरच्या बाटलीत देते. ती पाहून काहींना भेट तोकडी वाटते, पण सहा जणांना जेवणानंतर साठ-साठ मिलिलिटर दिले तरी सगळ्यांना पुरते. गोडव्यामुळे नवख्याला ती पहिल्याच घोटात आवडते. उरलीच तर झाकण लावून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकते, कारण तिच्यातील साखर आणि आंबटपणा चव लवकर ढळू देत नाहीत.

मात्र तिच्याबरोबर काय वाढावे याकडे लक्ष हवे. श्रीखंड किंवा गुलाबजाम वाइनपेक्षा गोड असतात, त्यामुळे त्यांच्यापुढे तीच वाइन आंबट आणि पातळ लागते. खारवलेले काजू, चीज किंवा पिकलेल्या आंब्याच्या फोडी तिला अधिक शोभतात.

आता कोथरूडच्या घराचेच गणित मांडून पाहू. जेवायला सहा जण, त्यांपैकी दोघे कधीमधी पिणारे, एक आजी, आणि घरात बूच काढायचा कॉर्कस्क्रू नाही. इथे शिराझचे तीन प्याले उरणार आणि बूच असल्यास बाटली उघडणारही नाही. स्पार्कलिंगचे यश समारंभ असण्यावर आणि बाटली आधी थंड करण्यावर अवलंबून आहे. लेट हार्वेस्टला आजींचा नकार गृहीत धरला तरी पाच जणांनी मिळून तीनशे मिलिलिटर संपवलेले असतील, उरलेले पंच्याहत्तर फ्रिजच्या दारात मावतील. फिरकीचे झाकण असलेली बाटली निवडावी म्हणजे कॉर्कस्क्रूचा प्रश्नच उरत नाही. वाइनच्या दर्जाशी त्या झाकणाचा संबंध नाही, हे विक्रेत्याने वेगळे सांगितले तरी.

गोव्याहून आलेली ‘पोर्ट’ नेण्याचा मोह अनेकांना होतो. पोर्तुगालची खरी टॉनी पोर्ट, सुमारे वीस टक्के अल्कोहोल असल्याने, उघडल्यावर कित्येक आठवडे टिकते. तशीच गोव्याची टिकेल असे धरून चालू नये. लेबलवर अल्कोहोल किती आहे ते पाहावे आणि कमी असल्यास तिला साधी गोड वाइन समजावे.

भेट देताना दोन वाक्ये अवश्य बोलावीत: ‘ही आजच उघडायला हवी असे नाही, पण या वर्षात संपवा,’ आणि ‘तोवर शोकेसमध्ये नको, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.’ ज्या घरी वडीलधाऱ्यांसमोर बाटली काढणे यजमानांना अवघड जाईल, तिथे हीच बाटली कागदी पिशवीतून दारातच हाती द्यावी, किंवा आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यावे.