जनुकक्रम, रसायन आणि चाचणी : संदर्भ देताना कोणता क्रमांक निवडावा?

कोविडवरील एखाद्या प्रबंधात विषाणूचा जनुकक्रम, औषधाचे रसायन आणि रुग्णांवरील चाचणी या तिन्ही गोष्टींचे संदर्भ एकाच प्रकरणात द्यावे लागतात, आणि प्रत्येकीसाठी एकाहून अधिक क्रमांक उपलब्ध असतात. निवड करताना पाहायचे ते हे, की मूळ नोंद बदलली तर तो बदल क्रमांकातून वाचकाला कळतो की नाही.

या कसोटीवर जनुकक्रमाचा अॅक्सेशन क्रमांक, म्हणजे संग्रहातील नोंदीचा क्रमांक, सर्वांत चोख ठरतो. वुहानमधील पहिल्या प्रकाशित जनुकक्रमाची जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या संग्रहातील नोंद MN908947 अशी आहे. पण तिच्या पहिल्या आवृत्तीत ३०,४७३ अक्षरे होती, दुसरीत २९,८७५ आणि तिसरीत २९,९०३. क्रम बदलला की टिंबापुढचा आकडा बदलतो आणि जुनी आवृत्तीही पाहता येते. म्हणून MN908947.3 असे पूर्ण लिहिले तर वाचकाला नेमका तोच क्रम मिळतो, टिंबापुढचे गाळले तर मात्र त्या वेळी जी आवृत्ती ताजी असेल ती उघडते. काटा प्रथिनाचे जनुक २१,५६३ व्या स्थानी सुरू होते, हे विधान तिसऱ्या आवृत्तीला धरून आहे. आवृत्ती न सांगता असा स्थानांक देणे म्हणजे वाचकाला पडताळणीचा मार्ग न देणे होय.

याच क्रमाला NC_045512.2 असा दुसराही क्रमांक आहे. तो रेफसेक या संपादित संग्रहातला असून त्यातील अक्षरक्रम MN908947.3 शी तंतोतंत जुळतो. उत्परिवर्तनांचे स्थानांक किंवा जनुकांच्या सीमा तिथून घेतल्या असतील तर हा क्रमांक द्यावा. क्रम उलगडून सादर करणाऱ्या संशोधकांच्या कामाचा उल्लेख करायचा असेल तर मूळ MN908947.3 देणेच न्याय्य आहे.

रसायनांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. तिथे क्रमांकाला आवृत्ती नसते आणि चूक बहुधा चुकीच्या पदार्थाचा क्रमांक उचलल्यामुळे होते. प्रत्येक रसायनाला ओळख म्हणून कॅस क्रमांक दिलेला असतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा कॅस क्रमांक 118-42-3 आहे, तर गोळीत प्रत्यक्षात असणाऱ्या त्याच्या सल्फेट क्षाराचा 747-36-4. सल्फेटच्या ४०० मिलिग्रॅममध्ये मूळ द्रव्य ३१० मिलिग्रॅमच असते. त्यामुळे मात्रा सल्फेटची आणि क्रमांक मूळ द्रव्याचा अशी सरमिसळ झाली, तर वाचकाच्या हिशेबात जवळपास चौथ्या हिश्श्याची तफावत पडू शकते.

कॅस क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीसाठी असतो. 118-42-3 मधील शेवटचा ३ बाजूला ठेवून उरलेल्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३, ४, ५ ने गुणावे : २ + ८ + २४ + ४ + ५ = ४३. बेरजेचा एककाचा अंक ३ आला, म्हणजे क्रमांक लिहिताना बहुधा चूक झालेली नाही. अर्थात, सल्फेटचा क्रमांकही याच परीक्षेत उत्तीर्ण होतो, तेव्हा पदार्थ योग्य आहे की नाही हे नाव आणि सूत्र पाहूनच ठरवावे लागते. पबकेम या रसायनांच्या खुल्या संग्रहाचा क्रमांक द्यायचा असल्यास तो सीआयडी असावा, कारण तो एका निश्चित रचनेचा असतो. एसआयडी ही कोणा एका पुरवठादाराने किंवा संस्थेने दिलेली नोंद असते आणि एकाच रसायनाच्या अशा अनेक नोंदी सापडतात. माझ्या मते कॅस क्रमांक आणि सीआयडी दोन्ही द्यावेत, कारण दुसरा कोणालाही विनामूल्य तपासता येतो.

सर्वांत जास्त जपावे लागते ते चाचणीच्या क्रमांकाला. इथे क्रमांक तोच राहतो आणि त्यामागची नोंद बदलत जाते. रेमडेसिव्हिरची अमेरिकी संस्थेने चालवलेली चाचणी ClinicalTrials.gov या नोंदवहीत NCT04280705 या क्रमांकाने नोंदलेली आहे. तिचे मुख्य फलित आधी पंधराव्या दिवशीची रुग्णाची स्थिती हे होते, नंतर ते बरे होण्यास लागणारा काळ असे झाले. हा बदल २२ मार्च २०२० रोजी सुचवला गेला, आणि तो सुचवणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना निकालांची माहिती नव्हती असे संशोधकांनी प्रसिद्ध अहवालात नमूद केले आहे. नुसता क्रमांक वाचून यातले काहीच कळत नाही. नोंदीच्या इतिहासात मात्र आवृत्त्या तारखांसह शेजारी ठेवून पाहता येतात. त्यामुळे क्रमांकासोबत नोंदीची तारीख लिहिणे मी अनिवार्य मानतो.

भारतीय चाचणीसाठी सीटीआरआय या भारतातील चाचण्यांच्या नोंदवहीचा क्रमांक आधी द्यावा. आयसीएमआरच्या प्लाझ्मा चाचणीचा CTRI/2020/04/024775 हा क्रमांक नोंदणीचे वर्ष आणि महिना स्वतःच सांगतो. पण अर्ज भरताच मिळणारा, REF ने सुरू होणारा क्रमांक हा फक्त अर्जाचा असतो. प्रबंधात तो नोंदणी क्रमांक म्हणून दिलेला दिसला, तर त्या चाचणीची नोंदणी पूर्ण झाली होती का, हे परीक्षकाने विचारलेच पाहिजे. एकाच चाचणीचे दोन नोंदवह्यांत क्रमांक असतील, तर दोन्ही एकत्र द्यावेत, जसे रिकव्हरी चाचणीचे ISRCTN50189673 आणि NCT04381936. नाहीतर पुढे आढावा घेणारा एकाच चाचणीतले रुग्ण दोनदा मोजण्याचा धोका राहतो.