मळी विकावी की इथेनॉल करावे?

साखर कारखान्यात सेंट्रिफ्यूगल यंत्रातून साखर आणि मळी वेगळी होईपर्यंतचा ऊसखरेदी व गाळपाचा खर्च सामाईक असतो. तो वजनानुसार वाटला तर मळीच्या माथी टनाला ₹25,000 बसतील आणि विक्रीमूल्यानुसार वाटला तर सुमारे ₹8,000, असे उदाहरणादाखल मानू.

समजा, मळी तशीच विकल्यास टनाला ₹9,000 मिळतात. कारखान्याच्याच आसवनीत तिचे 225 लिटर इथेनॉल ₹56 दराने विकून ₹12,600 येतात. त्यातून प्रक्रियेचा लिटरमागे ₹10 हा वाढीव खर्च वजा जाता ₹10,350 उरतात, म्हणजे ₹1,350 जास्त. वजनाच्या वाटपाने दोन्ही पर्याय तोट्याचे दिसतात, विक्रीमूल्याच्या वाटपाने दोन्ही नफ्याचे, पण त्यांच्यातला फरक ₹1,350 च राहतो, कारण सामाईक खर्च दोन्हीकडे आधीच झालेला आहे. वाटप साठ्याच्या मूल्यांकनासाठी लागते. या निर्णयात ते आणणे माझ्या मते निव्वळ गोंधळ आहे.

खरी मेख उताऱ्यात, म्हणजे टनभर मळीतून किती लिटर इथेनॉल निघते यात आहे. साठवणुकीत मळीतली किण्वनक्षम साखर घटून उतारा 196 लिटरखाली गेला, तर मळी तशीच विकणे फायद्याचे ठरते. आसवनी नव्याने उभारायची असेल, तर मात्र तिचा भांडवली खर्चही धरावा लागेल.