मेट्रो बंद झाल्यावरची रातराणी: लंडनच्या N18 बसचा आठ महिन्यांचा अनुभव

शेजारच्या काकूंची मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला लंडनला चालली आहे. परवा दोघी आमच्या पडवीत बसल्या होत्या. काकूंचा पहिला प्रश्न फीचा नव्हता, थंडीचाही नव्हता. "रात्री उशीर झाला तर पोर घरी येणार कशी?" त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. चिपळूण-रत्नागिरीकडची बरीच मुलं आता तिकडे जातात आणि बहुतेकांना हे पहिल्या रात्री रस्त्यावर उभं राहून शिकावं लागतं. मलाही तसंच शिकावं लागलं.

ऑगस्ट २०२४ ते मार्च २०२५ मी कंपनीच्या कामासाठी तिथे होते. ऑफिस ट्रफाल्गर स्क्वेअरपासून चालत पाच मिनिटांवर, खोली वेम्बली सेंट्रलला. जाताना सोपं होतं, बेकरलू लाइन चेरिंग क्रॉस ते वेम्बली सेंट्रल थेट जाते. पण क्लायंट अमेरिकेचा, त्यामुळे शिफ्ट रात्री एकला संपायची आणि तोपर्यंत मेट्रोच्या दरवाजावर लोखंडी जाळी ओढलेली असायची. शुक्रवारी आणि शनिवारी काही लाइन रात्रभर चालतात, मात्र बेकरलू त्यांत नाही. म्हणून आठवड्यातल्या पाच रात्री मी N18 नेच घरी आले. आठ महिन्यांत एकदाही टॅक्सी करावी लागली नाही, हे आधीच सांगते.

आपल्याकडे बहादूरशेख नाक्यावर रात्री मुंबईच्या गाडीची वाट बघताना आपण काय करतो? ड्रायव्हरला फोन लावतो, "कुठे आलात?" विचारतो, गाडी दिसली की बॅग घेऊन पुढे धावतो. नाका एकच, गाडी आपल्याला शोधते. लंडनमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे एका नावाचा स्टॉप म्हणजे एक जागा नव्हे. ट्रफाल्गर स्क्वेअर या नावाखाली चौकाच्या चारी अंगांना पसरलेले कितीतरी खांब आहेत आणि प्रत्येक खांबावर ठरावीक बसच थांबतात. खांबाच्या माथ्यावर लाल रंगात एक इंग्रजी अक्षर असतं. ते अक्षर म्हणजेच तुमचा पत्ता. पहिल्या रात्री मी नकाशातलं स्टॉपचं नाव वाचलं, अक्षर वाचलंच नाही. चौकाच्या या टोकाला उभी होते आणि माझी N18 समोरच्या बाजूने निघून गेली. रस्ता ओलांडेपर्यंत तिचे मागचे दिवे दिसत होते.

माझ्या खांबाचं अक्षर इथे मुद्दाम देत नाही. रस्त्याचं काम निघालं की खांब बदलतो, आणि जुनं अक्षर पाठ करून गेलेला माणूस जास्त फसतो. बंद खांबावर पिवळं आवरण चढवलेलं असतं आणि पुढे कुठे उभं राहायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. कधी थोड्या अंतरावर तात्पुरता बुटका खांब ठेवलेला असतो. मी नोव्हेंबरात एकदा असं आवरण बघूनही "रात्री कोण काम करतंय, थांबेल बस" म्हणून तिथेच उभी राहिले. बस सरळ पुढे गेली. चूक पूर्णपणे माझी होती. खांब झाकलेला असेल तर ड्रायव्हर थांबत नाही.

अक्षर सापडलं की खांबावरच्या आणखी दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे फलकावरच्या बसच्या क्रमांकांत आपला क्रमांक N सकट आहे का. हे N फार महत्त्वाचं आहे. दिवसाची १८ नंबरची बस युस्टनहून निघून हार्लेस्डन, वेम्बली करत सडबरीला जाते. N18 त्याच हॅरो रोडने जाते, पण निघते ट्रफाल्गर स्क्वेअरहून, ऑक्सफर्ड सर्कस आणि बेकर स्ट्रीटवरून, आणि सडबरीच्याही पुढे हॅरो वील्डपर्यंत जाते. कारण साधं आहे. रात्रीच्या बसला मेट्रोचं काम करायचं असतं, म्हणून तिला शहराच्या मधल्या भागातून उचलून थेट उपनगरात नेऊन सोडावं लागतं. युस्टनला ती येतच नाही. माझी एक सहकारी दिवसाच्या सवयीने रात्री युस्टनला जाऊन १८ च्या खांबाशी थांबली आणि N18 ची वाट बघत राहिली. N चा आकडा दिवसाच्या आकड्याचा भाऊ आहे, जुळा नव्हे.

दुसरी गोष्ट दिशा. खांबावर स्टॉपच्या नावाखाली 'टुवर्ड्स' लिहून पुढे एका ठिकाणाचं नाव असतं, म्हणजे इथून बस त्या बाजूला जाणार. ट्रफाल्गर स्क्वेअर हा N18 चा शेवटचा थांबा, त्यामुळे तिथे दिशेचा घोळ होत नाही. घोळ होतो मधल्या स्टॉपवर. सप्टेंबरात मैत्रिणीबरोबर ऑक्सफर्ड सर्कसला जेवायला गेले होते. परत येताना N18 चा खांब सापडला, बसही आली, आनंदाने चढले. पाचेक मिनिटांनी बसमधली घोषणा ऐकली तर पुढचं नाव ट्रफाल्गर स्क्वेअर! तेव्हापासून चढण्याआधी बसच्या कपाळावरचं ठिकाण वाचायची सवय लावून घेतली. मला हॅरो वील्ड दिसलं पाहिजे. त्याऐवजी अलीकडचंच एखादं नाव दिसलं, तर ती बस तिथेच संपणार. कधी चालू बसमध्येही घोषणा होते की ही बस आता अमुक ठिकाणीच थांबेल. माझ्यावर ही वेळ दोनदा आली. घाबरायचं कारण नाही, त्याच खांबावर उतरून मागची N18 घ्यायची.

पैशांचंही त्यातच येतं. बसचं भाडं लांबी कितीही असो, माझ्या काळात १.७५ पौंड होतं, रात्रीचं वेगळं नाही. आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून एका तासाच्या आत जितक्या बस बदलाल त्या सगळ्या त्याच पैशांत. अट एकच, प्रत्येक वेळी तेच कार्ड टेकवायचं. एकदा फोन आणि दुसऱ्यांदा कार्ड टेकवलं तर खातं त्याच बँकेचं असूनही यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. रोख पैसे तर २०१४ पासून बसमध्ये घेतच नाहीत. थंडीत माझ्या फोनची बॅटरी वीस टक्क्यांवरून एकदम बंद पडायची, म्हणून कार्ड कायम कोटाच्या खिशात वेगळं असायचं.

आता वेळेविषयी. मी TfL Go हे ॲप वापरलं. त्यात खांबाचं अक्षर दिसतं आणि बस किती मिनिटांवर आहे तेही. मधल्या स्टॉपवर ती मिनिटं खरी निघाली. जिथून बस सुटते तिथे मात्र त्यांच्यावर फार विसंबू नये, असा माझा अनुभव. बस हललेलीच नसते, मग ॲप तरी काय सांगणार? ट्रफाल्गर स्क्वेअरला मी पाच मिनिटं आधीच जाऊन उभी राहायचे. बहुतेक रात्री पंधरा-वीस मिनिटांत बस मिळाली आणि पाऊण तासाच्या आसपास वेम्बली आलं.

बस येताना दिसली की हात पुढे करायचाच. एसटीचं 'हात दाखवा, गाडी थांबवा' आपल्या अंगात मुरलेलं आहे, तेच तिथे कामी येतं. अंधारात, त्यातही एका खांबावर सहा-सात मार्गांच्या बस थांबत असतील, तर गप्प उभ्या माणसाला कुठे जायचंय ते ड्रायव्हरला कळणार कसं?

वार ही सगळ्यात फसवी गोष्ट. शुक्रवारची रात्र म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन शनिवारी पहाटे संपणारी रात्र. त्यामुळे शुक्रवारी शिफ्ट संपून रात्री एकला बाहेर पडलात तर फोनवर शनिवार दिसतो, पण वेळापत्रक शुक्रवार रात्रीचं बघायचं. रात्रभराच्या मेट्रोलाही तोच हिशेब. गुरुवारी मध्यरात्र उलटल्यावर "आता शुक्रवार लागला, ज्युबिली चालू असेल" म्हणून वेस्टमिन्स्टरपर्यंत चालत जाऊन बंद दरवाजा बघून मी परत आले आहे. खऱ्या शुक्रवारी आणि शनिवारी ज्युबिली लाइन दहा-दहा मिनिटांनी वेम्बली पार्कला नेते, वेळही कमी लागतो. तरी मी बहुतेकदा N18 च घेतली, कारण वेम्बली पार्कहून पुढे रात्री एकटीने चालत जायला नको वाटायचं आणि N18 मला घरापासून चार मिनिटांवर सोडायची.

एक रात्र आठवते ती २६ ऑक्टोबरची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिकडे दोनचा परत एक वाजतो. शनिवारी रिलीजचं काम होतं, बाहेर पडले तेव्हा पावणेदोन झाले होते. खांबाशी उभी राहिले, बघता बघता फोनवर एक वाजून दोन मिनिटं! वेळापत्रकातली बस येऊन गेली की यायची आहे हे काही समजेना. त्या रात्री घड्याळाकडे बघणं सोडून दिलं आणि ॲपमधली 'इतकी मिनिटं बाकी' एवढीच बघत बसले. तीच बरोबर निघाली. आणखी एक तारीख डोक्यात ठेवायची, २५ डिसेंबर. त्या दिवशी लंडनमध्ये मेट्रो आणि बस दोन्ही बंद असतात. २४ च्या रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायचं तर परतीची सोय आधीच करून ठेवावी लागते.

सुरक्षिततेचं काकूंनी दोनदा विचारलं. मी खालच्या मजल्यावर, ड्रायव्हरच्या जवळ बसायचे. वरचा मजला दिवसा छान, शुक्रवारी रात्री तिथे पिऊन आलेल्यांचा गोंधळ असतो. झोप लागायची भीती असते, पण पुढच्या स्टॉपचं नाव दर वेळी बोलून आणि पाटीवर दाखवून सांगतात. मला त्रास असा झाला नाही. नावडतं म्हणाल तर गर्दीच्या रात्री उभ्याने केलेला पाऊण तास आणि निवारा नसलेल्या खांबाशी फेब्रुवारीच्या पावसात काढलेली मिनिटं. तो पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही, बारीक असतो आणि तासभर अंगात मुरत राहतो.

काकूंच्या मुलीची खोली इलफर्डला आहे, म्हणजे तिची बस N25, ऑक्सफर्ड सर्कस ते इलफर्ड. दिवसाची २५ आता ऑक्सफर्ड सर्कसपर्यंत येत नाही, हे तिला माहीत नव्हतं. पडवीतच नकाशा उघडून तिने इलफर्डकडे जाणाऱ्या N25 चा खांब शोधला, अक्षर वहीत पेन्सिलने लिहिलं. पेनाने नको म्हणून मीच सांगितलं. पोचल्यावर पहिल्या रविवारी, उजेडात, ती तिथे जाऊन खांब बघून येणार आहे आणि फोटो काकूंना पाठवणार आहे.